दोरीवरचा पिवळा फ्रॉक

मी अमरावतीत राहतो आणि कॅमेरा चालवतो. पोट लग्नांवर भरतं, मन लघुपटांवर. बायको अकोल्याची. तिथल्या एका शाळेत तिने दोन वर्षं शिकवलं होतं, आणि कॉलेजात असताना युवा महोत्सवाच्या एकांकिकांतून कामं केली होती. लग्न होऊन ती अमरावतीला आली तेव्हा सुरुवातीचे काही महिने तिला इथे काही काम नव्हतं. मी घरी बसून फोटो निवडायचो तेव्हा ती मागे येऊन उभी राहायची. तिथूनच तिला हा नाद लागला.

मी तिला एवढंच सांगितलं होतं, की चौकटीवर मनाने दोन उभ्या आणि दोन आडव्या रेघा ओढायच्या. नऊ घरं पडतात. माणूस मधल्या घरात ठोकला, तर बघणारा एकदा बघतो आणि पुढे जातो. रेघा जिथे एकमेकींना कापतात तिथे त्या माणसाचा डोळा आणून ठेवला, की बघणाऱ्याची नजर आधी भटकते आणि मग तिथे येऊन टेकते. टेकली की थांबते. मग मी सांगितलं रिकाम्या जागेबद्दल. माणूस ज्या बाजूला बघतो तिकडे मोकळं सोडायचं, म्हणजे त्याच्या बघण्याला वाट मिळते. आणि त्याला कोंडलेलं दाखवायचं असेल तर उलट करायचं. नाकासमोर चौकटीची कड आणायची आणि सगळी मोकळी जागा पाठीमागे ठेवायची.

तिला हे आठ दिवसांत आलं. मला यायला तीन वर्षं लागली होती. नंतर तर ती माझ्या लग्नांच्या फोटोंची चिरफाड करायची.

"हा पाह्य. नवरी एवढी सुंदर, अन् डोळा कुठं जाते? मागच्या काकाच्या पांढऱ्या बनियनवर."

"बनियन नाही, सदरा हाय तो."

"काय बी असो. नवरीपेक्षा जास्त चमकून राहिला."

तिचं बरोबर असायचं. डोळा आधी उजेडाकडे जातो, मग चेहऱ्याकडे, मग जे स्पष्ट आहे त्याच्याकडे. हा क्रम तिने माझ्याकडून पुस्तकासारखा पाठ केला नाही, फोटो बघून बघून स्वतःच काढला. माझ्या धंद्यात मला तिच्याइतका चोख डोळा असलेलं माणूस दुसरं भेटलं नाही.

लग्नानंतर तिसऱ्या वर्षी तिला दिवस गेले. सातव्या महिन्यात एक दिवस सकाळी ती म्हणाली, कालपासून हालचाल वाटत नाही. आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ पोटावरून यंत्र फिरवलं आणि मग पडदा आमच्याकडून दुसरीकडे वळवला. मुलगी होती. दुसऱ्या दिवशी दुपारी झाली. नर्सने कपड्यात गुंडाळून आणली आणि विचारलं, "पाहता का?" बायकोने हात पुढे केले. मी खिडकीकडे तोंड केलं. मला वाटलं, बघितलं तर ते कायमचं डोळ्यांत राहील. बायकोने तिला किती वेळ धरलं होतं, मला सांगता येत नाही. मी खाली पार्किंगमधल्या गाड्या बघत होतो.

तिसऱ्या दिवशी माझं एका लग्नाचं काम ठरलेलं होतं. दुसऱ्या कुणाला पाठवता आलं असतं. मी स्वतः गेलो. सासूबाईंनी आणलेली अंगडी-टोपडी मी एका पिशवीत भरून कपाटावर टाकली आणि ती पिशवी दिसू नये म्हणून पुढे सुटकेस ठेवली. नंतर आमच्यात या विषयावर एक शब्दही झाला नाही. ती बोलायला लागली की मी म्हणायचो, "होईल सगळं बरोबर." हळूहळू तिने बोलायला लागणंच सोडलं.

माझा एक मित्र आहे, कॉलेजात मराठी शिकवतो आणि लघुपट करतो. त्याच्याकडे एक गोष्ट होती. नवरा नोकरीसाठी परमुलखात गेलेला, आणि बायको मोर्शीकडच्या संत्र्याच्या बागेतल्या घरात एकटी. तो येतो म्हणतो आणि येत नाही. एवढंच. संवाद जवळजवळ नाहीतच. तो घरी आला आणि बायकोला म्हणाला, "वहिनी, हे तुमीच करा. मले दुसरं कोणी दिसूनच नाही राहिलं."

तिने गोष्ट वाचली. रात्री जेवणाची भांडी आवरली. मग मला म्हणाली, "करू का?"

मला फार आनंद झाला. खरं सांगायचं तर मला वाटलं, आता ती बाहेर पडेल. आणि आम्हाला बोलायला काहीतरी मिळेल. ते मिळालं. महिनाभर आम्ही फ्रेमा काढत बसायचो. कागदावर आयत, त्यात रेघा, त्यात काडीची बाई. ती म्हणायची, "हिले इथं ठेव, कोपऱ्यात. घर मोठं दिसलं पाह्यजे. घरात माणूस नाही हे सांगाची गरज नाही मंग." तो महिना चांगला गेला. त्या कागदांवरून आम्ही एकमेकांशी इतकं बोललो, की मला वाटलं आमचं सगळं ठीक झालं.

शूटिंग मोर्शीच्या अलीकडे एका बागेतल्या घरात होतं. संत्री तोडायला आली होती. घरात एक म्हातारे आजोबा, त्यांचा मुलगा, सून आणि सुनेची दीड-दोन वर्षांची पोर. आमच्या बाजूने आम्ही पाच माणसं. सुनेने आम्हाला घर मोकळं करून दिलं आणि स्वतः मागच्या पडवीत चूल मांडली.

पहिल्या दिवशीचा एक शॉट आठवतो. बायको विहिरीवर, आणि मी संत्र्याच्या फांदीतून बघतोय. पुढे काहीतरी धूसर असलं की चित्राला खोली येते. बघणाऱ्याला आपण लपून बघतोय असं वाटतं. शॉट मला आवडला. ती मॉनिटरपाशी आली आणि हसली.

"डोळा संत्र्यावर जाऊन राहिला, माह्यावर नाही."

खरंच, फांदीला एक पिकलेलं संत्रं होतं आणि त्यावर ऊन होतं. धूसर असूनही ते पेटल्यासारखं दिसत होतं. मित्र म्हणाला, तोडून टाक. आजोबा बाजेवरून ओरडले, "कायले तोडता? फांदी फिरवा नं जरा!" आम्ही फांदी सुतळीने मागे ओढली, संत्रं पानांच्या सावलीत गेलं, आणि नजर पानांतून घसरत थेट तिच्यापाशी गेली. ती म्हणाली, "आता बरोबर." त्या दिवशी ती दोनदा हसली. मी मोजलं होतं.

तिसऱ्या दिवशी गोष्टीतला शेवटचा शॉट होता. फोन येतो, नवरा येणार नाही. ती दारात येऊन उभी राहते आणि फाटकाकडे बघते. बस्स. मित्राला तो शॉट लांब हवा होता, मिनिटभराचा, कट न करता.

मी कॅमेरा अंगणाच्या दुसऱ्या टोकाला लावला, लांबची लेन्स घेतली आणि लेन्सचं छिद्र पूर्ण उघडलं, म्हणजे फक्त बायको स्पष्ट आणि बाकीचं विरघळलेलं. दार चित्राच्या उजव्या तिसऱ्या भागात. तिची नजर डावीकडे, फाटकाच्या दिशेने. डावीकडे दोन भाग नुसती निळसर भिंत, सावलीतली, रिकामी. चित्रात पुढे काहीतरी धूसर हवं म्हणून मित्राने अंगणातल्या दोरीवर एक लुगडं टाकायला सांगितलं होतं. सकाळी मी तालीम बघितली तेव्हा दोरीवर लुगडं आणि एक चादर होती. फ्रेम चांगली होती, पण त्यात काहीतरी कमी होतं. नुसतीच सुंदर होती.

दुपारी जेवून आलो. घरातल्या सुनेने मधल्या वेळात धुणं वाळत घातलं होतं. आमच्या दोरीवरच, चादर बाजूला सारून. मी कॅमेऱ्याला डोळा लावला आणि डाव्या बाजूला खाली, त्या रिकाम्या भिंतीवर, एक पिवळा फ्रॉक हलताना दिसला. हातभर लांबीचा. दोन्ही बाह्यांना चिमटे लावलेले.

मी आता जे सांगतोय ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

मला लगेच कळलं ते काय आहे, आणि ते तिला दिसेल हेही कळलं. ती दारातून फाटकाकडे बघणार, आणि फ्रॉक तिच्या नि फाटकाच्या मध्ये. मी कॅमेऱ्यापासून मान वर केली. पंधरा पावलं चालून जायचं, चिमटे काढायचे, फ्रॉक घडी करून सुनेच्या हातात द्यायचा. एवढंच काम होतं.

मग मी परत आत बघितलं. सकाळपासून जे कमी होतं ते भरलं होतं. रिकामी भिंत आता नुसती रिकामी नव्हती. कुणीतरी तिथे नव्हतं. दोरी डावीकडून तिरपी वर जात होती, सरळ दाराकडे. नजर फ्रॉकपाशी सुरू व्हायची आणि दोरीवरून चढत तिच्या चेहऱ्यावर पोचायची.

फक्त एक अडचण होती. फ्रॉकवर ऊन होतं. पिवळा रंग, त्यावर ऊन. नजर तिथेच अडकत होती. म्हणून मी एक स्टँड आणला, त्याला काळा कपडा लावला आणि ऊन आणि फ्रॉक यांच्या मध्ये उभा केला. पिवळा विझून मळकट झाला. मग मी परत डोळा लावला. आता नजर फ्रॉकला नुसती शिवून जात होती आणि तिच्यावर टेकत होती. मित्र मॉनिटरवर बघून हळूच म्हणाला, "बाप्पा." मग त्याला कळलं असावं. तो म्हणाला, "वहिनीले चालीन नं?"

मी म्हणालो, "चालीन."

ती दारात आली. मित्राने ॲक्शन म्हटलं. तिने फाटकाकडे बघितलं. पहिले काही सेकंद ती त्या बाईचं काम करत होती. मग तिची नजर थोडी खाली आली. चेहऱ्यावर काही फार झालं नाही. तिने दाराची चौकट धरली, एवढंच. ओठ थोडे उघडले, जणू कुणाला हाक मारायची होती आणि नाव माहीत नव्हतं. आमच्या मुलीचं नाव आम्ही ठेवलं नव्हतं.

मित्र कट म्हणायचं विसरला. शेवटी मीच कॅमेरा बंद केला. पडवीत सुनेच्या भाकरी थापण्याचा आवाज येत होता.

बायको अंगण ओलांडून आली. फ्रॉकच्या बाजूने आली, पण त्याला हात लावला नाही. मॉनिटरसमोर स्टुलावर बसली आणि म्हणाली, "दाखव."

मी शॉट लावला. तिने पूर्ण बघितला. मग म्हणाली, "पुन्हा."

दुसऱ्यांदा बघताना तिने पडद्यावर बोट ठेवलं, फ्रॉकवर.

"हा कोणाचा होय?"

"त्यांच्या पोरीचा. त्यांनी वाळू घातला, आपण जेवत होतो तवा."

"तुले दिसला होता?"

मला खोटं बोलता आलं असतं. कॅमेऱ्यात धूसर होता, लक्ष गेलं नाही, असं म्हणता आलं असतं. दुसऱ्या कुणाला ते पटलं असतं. पण ती पडद्याकडेच बघत होती, आणि मला कळलं की ती चित्र वाचतेय.

"दुपारी दोन वाजताचं ऊन हाय," ती म्हणाली. "लुगड्यावर ऊन हाय, चादरीवर हाय. याच्यावरच सावली कशी?"

मी शॉट थांबवला.

तिने मान वळवली. स्टँड तसाच उभा होता, काळा कपडा वाऱ्याने फडफडत होता.

"तुनं त्याचा उजेड कापला," ती म्हणाली. "म्हणजे तुले दिसला. अन् तू उठून तिथपर्यंत गेला. फ्रॉकजवळ गेला. अन् काढला नाही, काळा कपडा लावून परत आला."

"फ्रेम..." मी म्हणालो.

हा एकच शब्द माझ्या तोंडून निघाला. पुढे काय म्हणायचं होतं ते मला आजही माहीत नाही.

ती आवाज न चढवता म्हणाली, "हो. फ्रेम चांगली हाय." मग उठली, पडवीत गेली आणि सुनेला भाकरी करू लागली. थोड्या वेळाने मला दिसलं, त्या घरची पोर तिच्या मांडीवर बसली होती आणि ती तिला भाकरीचा पापुद्रा भरवत होती. मी फ्रॉक काढायला गेलो तर तो वाळला होता. घडी करून तुळशीच्या ओट्यावर ठेवला. तो काढण्याचा आता काही उपयोग नव्हता.

राहिलेलं काम तिने दुसऱ्या दिवशी पूर्ण केलं, चोख. अमरावतीला परत आल्यावर आठवड्याने ती म्हणाली, जरा आईकडे जाऊन येते. अकोला आमच्यापासून दोन-अडीच तासांवर. मी एसटी स्टँडवर सोडायला गेलो. बॅग नेहमीपेक्षा मोठी होती. घरी येऊन पाहिलं, कपाटावरची सुटकेस बाजूला सरकलेली होती आणि मागची पिशवी नव्हती.

महिना गेला, दोन गेले. फोनवर ती नीट बोलायची. शाळेत परत लागल्याचं तिने फोनवरच सांगितलं. मी अकोल्याला दोनदा गेलो. सासूबाईंनी जेवायला वाढलं, मेहुण्याने क्रिकेटच्या गप्पा मारल्या, आणि मी संध्याकाळच्या गाडीने परत आलो. आम्ही दोघं एकटे पाच मिनिटंसुद्धा बसलो नाही, आणि तशी वेळ यावी म्हणून मीही काही केलं नाही.

मित्राने चित्रपट जोडला. मी त्याला म्हणालो, तो शेवटचा शॉट काढ. तो म्हणाला, "तो काढला तं पिक्चर उरतेच काय? तरी वहिनीले विचारतो." त्याने माझ्यासमोर फोन लावला. ती म्हणाली, "राहू द्या भाऊ. चांगला शॉट हाय. माह्यं काम बी चांगलं झालं त्याच्यात."

पुढच्या हिवाळ्यात अकोल्यातल्या एका छोट्या महोत्सवात तो लघुपट दाखवला. शे-दीडशे माणसं होती. ती भावासोबत आली आणि मागच्या रांगेत बसली. नंतर एक परीक्षक माइकवर उभे राहिले आणि विद्यार्थ्यांना समजावून सांगू लागले. रिकामी जागा कशी वापरावी, पुढचा थर कसा असावा, नजर त्या लहानशा कपड्यावरून चेहऱ्यावर कशी चढत जाते. त्यांचं सगळं बरोबर होतं. छायाचित्रणाचं बक्षीस मला मिळालं. मी मंचावर जाऊन ते घेतलं आणि आभारही मानले.

बाहेर आवारात ती उभी होती. भाऊ गाडी काढायला गेला होता. तिने अभिनंदन केलं. माझ्या हातात बक्षिसाचं स्मृतिचिन्ह होतं आणि कुठे ठेवावं कळत नव्हतं.

मी विचारलं, "कशी होती ती?"

तिला लगेच कळलं मी कुणाबद्दल विचारतोय.

"केस होते," ती म्हणाली. "लय केस. काळे. बोटं लांब होती, तुयासारखी. नाक माह्यं." ती थांबली. "डोळे बंद होते. मी वाट पाह्यली, तू वळशील म्हणून. नर्स दोनदा घ्यायले आली, दोनदा मी तिले थांबवलं."

"मले भेव वाटलं."

"मले नव्हतं वाटत का?"

मी रडलो. आवारात, माणसं येत-जात असताना, पहिल्यांदा. तिने माझ्या हातातून ते स्मृतिचिन्ह घेतलं आणि मला रुमाल दिला. मी विचारलं, घरी येतेस का.

"त्या दिवशी अंगणात तू ते चिमटे काढले असते," ती म्हणाली, "तं मी काहीच म्हटलं नसतं. दवाखान्याचं बी नसतं म्हटलं. आली असती." मग म्हणाली, "आता नाही जमत. मी लय प्रयत्न केला. तू माह्याकडे पाह्यलं की मले वाटते, हा आता मले कुठं ठेवून राहिला असन."

भाऊ गाडी घेऊन आला. तिने स्मृतिचिन्ह माझ्या हातात परत दिलं, ओढणी सावरली आणि मागे बसली.

मागच्या वर्षी अकोल्याच्या कोर्टात आम्ही दोघांनी सह्या केल्या. ती शाळेत आहे, मुलांची नाटकं बसवते, असं मित्राकडून कळतं. मी अजून लग्नांची कामं करतो. लघुपटांचं मित्र विचारतो, मी बघू म्हणतो. परवा एका गावी नवरी सासरी निघताना बापाच्या गळ्यात पडली. दोघं मंडपाच्या कडेला होते, मागे मोकळं शेत, पुढे कुणाच्या तरी खांद्याची धूसर कड. फ्रेम आपोआप जमली होती. मी शॉट घेतला, पूर्ण घेतला. मग गाडीत येऊन बसलो आणि ड्रायव्हरला म्हणालो, पाच मिनिटं थांब. त्याने कारण विचारलं नाही. पाच मिनिटं झाल्यावर त्यानेच गाडी सुरू केली.